पैसे कापल्याचा स्क्रीनशॉट ग्राहकाकडे. संमतीची नोंद कोण दाखवणार?

न मागितलेल्या मूल्यवर्धित सेवेचे पैसे मोबाइलच्या शिल्लकीतून गेले, की ग्राहक त्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढून कंपनीला पाठवतो. ‘सेवा बंद केली आहे’ असे उत्तर येते आणि तक्रार निकाली निघते. पैसे मात्र परत येत नाहीत. असे का होते, नियम काय सांगतात आणि तक्रारीत नेमके काय मागायला हवे?

मोबाइल कंपनीकडे येणाऱ्या या तक्रारींचा मजकूर बहुतेकदा एकसारखा असतो. ‘मी ही सेवा घेतलेली नाही. सोबत स्क्रीनशॉट जोडला आहे. पैसे परत करा.’ ग्राहकाच्या दृष्टीने यात सगळे आले. कंपनीच्या दृष्टीने मात्र त्या स्क्रीनशॉटमधून एकच गोष्ट सिद्ध होते, ती म्हणजे पैसे कापले गेले. ते तर कंपनीही नाकारत नाही. वाद आहे तो संमतीचा, आणि संमती न दिल्याचा स्क्रीनशॉट कुणालाच काढता येत नाही. जे घडलेच नाही, त्याचे चित्र कुठून आणणार?

म्हणूनच या वादात पुराव्याचे ओझे कुणाच्या खांद्यावर आहे, हा खरा प्रश्न आहे. नियम पाहिले तर ते कंपनीच्या खांद्यावर असायला हवे. व्यवहारात मात्र ते ग्राहकाच्या खांद्यावर येऊन पडते, आणि तक्रार लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीमुळे ग्राहकही ते नकळत उचलतो.

पैसे कसे कापले जातात?

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातील घटनाक्रम नेहमीचा आहे. कऱ्हाडमध्ये राहणाऱ्या, घरीच शिवणकाम करणाऱ्या साठीच्या एका बाईंचा प्रीपेड मोबाइल आहे. कॉल आणि डेटासाठी त्यांचा अमर्याद पॅक चालू असतो. शिवाय महिन्याच्या एक तारखेला त्यांनी १०० रुपयांचा टॉपअप मारला. कर आणि प्रक्रिया शुल्क वजा जाता त्यातून ८१.७५ रुपये मुख्य शिल्लकीत जमा झाले. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना बँकेकडे जो पडताळणी संदेश जातो, त्याचे पैसे पॅकमधून नव्हे तर या शिल्लकीतून जातात, म्हणून मुलाने ती ठेवायला सांगितली होती.

त्या महिन्याच्या २६ तारखेला मुलगा पुण्याहून घरी आला, तेव्हा शिल्लक २१.७५ रुपये होती. संदेशांमध्ये आदल्या दिवशीचा एक संदेश सापडला. गेमच्या एका सेवेचे सात दिवसांसाठी नूतनीकरण झाले आहे, १५ रुपये आकारले आहेत, असा त्याचा आशय. बाईंनी फोनवर कधी गेम खेळलेला नव्हता. मुलाने स्क्रीनशॉट काढला.

हिशेब करून पाहिला तर ८१.७५ मधून २१.७५ गेले की ६० रुपये उरतात. म्हणजे १५ रुपयांच्या चार कपाती. ४, ११, १८ आणि २५ तारखेला त्या झाल्या असणार. आधीचे तीन संदेश ‘कंपनीच्या जाहिराती’ समजून बाईंनी पुसून टाकले होते. म्हणजे स्क्रीनशॉटमध्ये दिसतात १५ रुपये आणि गेले आहेत ६०. शिवाय स्क्रीनशॉट नूतनीकरणाचा आहे. सेवा मुळात केव्हा, कशी आणि कुणी सुरू केली, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

‘कुणी’ या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी ही यंत्रणा पाहायला हवी. गेम, भविष्य, व्हिडीओ, स्पर्धा यांसारख्या सेवा बहुतेक वेळा मोबाइल कंपनी स्वतः बनवत नाही. त्या बाहेरच्या भागीदार कंपन्यांच्या असतात. मोबाइल कंपनी वसुलीची सोय देते आणि उत्पन्नात वाटा घेते. ग्राहक मोबाइल डेटावरून एखादे पान उघडतो, तेव्हा ते पान भागीदाराचे असले तरी तो डेटा मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून जात असतो. त्यामुळे हे पान कोणत्या क्रमांकावरून उघडले आहे, ते कंपनीच्या यंत्रणेला ग्राहकाने न सांगता कळू शकते. क्रमांक टाकायला नको, कार्ड नको, पिन नको. बटण दाबले की शिल्लकीतून पैसे जातात. घरच्या वायफायवर हेच पान उघडले, तर यंत्रणेला क्रमांक आपोआप मिळत नाही आणि तो टाकावा लागतो. अशा अनेक प्रकरणांत सेवा सुरू झाली त्या क्षणी मोबाइल डेटा चालू होता, असे आढळते ते यामुळेच.

या सोयीतच धोका आहे. जाहिरातीतील ‘बंद करा’च्या फुलीखाली मागणीचे बटण दडवता येते. सिमकार्डच्या मेनूतून अचानक पडद्यावर येणाऱ्या खिडकीत ‘ओके’वर बोट पडू शकते. आणि फोनमध्ये शिरलेले एखादे ॲप माणसाऐवजी स्वतःच बटण दाबू शकते. ‘जोकर’ किंवा ‘ब्रेड’ या नावाने ओळखला जाणारा अँड्रॉइड ॲपचा घातक प्रकार हेच करत असे. साध्या ॲपच्या वेशात तो फोनमध्ये यायचा आणि वापरकर्त्याच्या नकळत सशुल्क सेवा सुरू करून पैसे मोबाइलच्या बिलातून वळते करायचा. या कुळातील सुमारे १,७०० ॲप आपण प्ले स्टोअरवरून हटवली, असे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते.

नियम काय सांगतो?

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, या तक्रारींची दखल फार पूर्वी घेतली आहे. जुलै २०११ मध्ये सेवा सुरू करण्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती आवश्यक करणारा निर्देश निघाला. तो पुरेसा ठरला नाही, म्हणून १० जुलै २०१३ रोजी दुहेरी संमतीचा निर्देश आला. त्याचा गाभा साधा आहे. ग्राहकाने एकदा ‘हवी’ म्हटले म्हणजे सेवा सुरू होत नाही. सेवेचे नाव, आकार आणि मुदत दाखवून त्याला दुसऱ्यांदा विचारायला हवे, आणि ही दुसरी संमती सेवा विकणाऱ्याच्या हातात नसलेल्या, वेगळ्या संमती-यंत्रणेतून घ्यायला हवी. विक्रेत्यानेच गिऱ्हाइकाच्या वतीने ‘हो’ म्हणू नये, हा त्यामागचा हेतू. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांना समान असा निःशुल्क क्रमांकही याच व्यवस्थेचा भाग आहे.

या नियमाचा अर्थ पुढे नेला, तर ग्राहकाने सेवा घेतली असेल तेव्हा दोन संमतींच्या दोन नोंदी कुठेतरी असायलाच हव्यात. प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि मार्ग असणार. त्या नोंदी ग्राहकाकडे नसतात. त्या कंपनीकडे आणि तिच्या भागीदारांकडे असतात. मग ‘मी घेतली नाही’ हे ग्राहकाने सिद्ध करायचे, की ‘तुम्ही घेतली’ हे कंपनीने दाखवायचे? ज्याच्याकडे नोंद आहे त्यानेच ती दाखवावी, यात वादाला जागा नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. घरातल्या मुलाने आजीच्या फोनवर गेम लावला, दोनदा ‘हो’ म्हटले आणि कुणाला सांगितलेच नाही, असे होते. ग्राहक विसरतो, असेही होते. प्रत्येक तक्रार खरी मानून पैसे परत करावेत, असे म्हणता येणार नाही. पण हा युक्तिवाद नोंद दाखवण्याच्याच बाजूने जातो. नोंद खरी आणि नीट असेल, तर ती पाहिल्यावर ग्राहकाचा संशय फिटेल आणि कंपनीचा वेळही वाचेल.

‘सेवा बंद केली’ म्हणजे तक्रार संपली का?

इथे बहुतेक तक्रारी वाट चुकतात. दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण नियमावली २०१२ मध्ये ‘तक्रार’ आणि ‘सेवाविषयक विनंती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅन बदलणे, सेवा सुरू करणे, सेवा बंद करणे या सगळ्या विनंत्या ठरतात. म्हणजे ग्राहकाने फोन करून ‘ही सेवा बंद करा आणि पैसे परत द्या’ असे म्हटले, तर समोरचा कर्मचारी वाक्याचा पहिला अर्धा भाग विनंती म्हणून नोंदवू शकतो. सेवा बंद होते, विनंती पूर्ण होते आणि ‘आपल्या विनंतीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश येतो. पैशांची तक्रार नोंदलीच गेलेली नसते, त्यामुळे तिच्यावर निर्णय होत नाही आणि अपीलही करता येत नाही.

म्हणून दोन्ही कामे वेगळी करावीत. आधी १५५२२३ वर फोन करून किंवा STOP असा संदेश पाठवून सेवा बंद करून घ्यावी आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. त्यानंतर १९८ या निःशुल्क तक्रार क्रमांकावर फोन करावा. १२१ हा माहितीचा क्रमांक आहे, तक्रारीचा नव्हे. १९८ वर बोलताना ‘संमतीशिवाय पैसे आकारल्याची तक्रार नोंदवायची आहे, सेवा आधीच बंद झाली आहे’ असे सांगावे आणि तक्रार क्रमांक मागावा. हा क्रमांक संदेशाने देणे कंपनीला बंधनकारक आहे. तो आला नाही, तर तक्रार नोंदली गेली नाही असेच समजावे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ची नोंदणी केली म्हणजे अशा कपाती थांबतात, असे अनेकांना वाटते. ती नोंदणी नको असलेले प्रचाराचे कॉल आणि संदेश रोखण्यासाठी आहे. शिल्लकीतून होणाऱ्या वसुलीला ती कुलूप लावत नाही.

स्क्रीनशॉट कसा असावा?

स्क्रीनशॉट निरुपयोगी नाही. तो सुरुवातीचा पुरावा आहे, फक्त तो पूर्ण हवा. घाईत काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये बहुतेक वेळा संदेशाचा मधला भाग असतो. पाठवणाऱ्याचे नाव आणि वेळ कापली गेलेली असते.

संदेश कुणाकडून आला, हे सर्वात महत्त्वाचे. भारतात व्यावसायिक संदेश दहा अंकी क्रमांकावरून नव्हे, तर नोंदणीकृत अक्षरी नावावरून येतात. त्या नावाच्या शेवटी आता -P, -S, -T किंवा -G असे अक्षर असते. प्रचाराचा, सेवेचा, व्यवहाराचा की सरकारी संदेश, हे त्यावरून कळते. ‘तुमच्या क्रमांकावर सेवा सुरू झाली आहे, बंद करण्यासाठी या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश साध्या मोबाइल क्रमांकावरून आला असेल, तर कपात झालेलीच नसण्याची शक्यता अधिक. तो फसवणुकीचा सापळा असू शकतो. तिथे फोन न करता आधी शिल्लक तपासावी. शिल्लक जशीच्या तशी असेल आणि पैसे बँक खात्यातून गेले असतील, तर तो यूपीआय ऑटोपेचा किंवा ॲप स्टोअरच्या वर्गणीचा मामला आहे. त्याची तक्रार मोबाइल कंपनीकडे करून उपयोग नाही.

संदेश खरा असेल तर पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट काढावा. त्यात पाठवणाऱ्याचे नाव, पूर्ण मजकूर आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. संदेशाचा तपशील उघडून तो मिळाल्याची नेमकी वेळ दाखवणारा दुसरा स्क्रीनशॉट घ्यावा. मूळ संदेश पुसू नये, कारण पुढे कुणी शंका घेतली तर स्क्रीनशॉटपेक्षा मूळ संदेशाला वजन असते.

हा स्क्रीनशॉट समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह अनेकांना होतो. कंपनी तिथे लवकर उत्तर देते, हा अनुभवही आहे. पण तशी पोस्ट पडताच कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती बनावट खातीही ‘मदतीला’ धावून येतात. तुमचा क्रमांक द्या, हे ॲप घ्या, परताव्यासाठी ही लिंक उघडा, अशी त्यांची भाषा असते. साठ रुपयांसाठी बँक खाते रिकामे होण्याचा धोका यात आहे. पोस्ट टाकायचीच असेल, तर मोबाइल क्रमांक झाकावा आणि परताव्यासाठी कुठलेही ॲप किंवा लिंक उघडू नये.

पुसलेल्या तीन संदेशांचे काय? त्यासाठी दुसरा कागद आहे. दूरसंचार ग्राहक संरक्षण नियमावली २०१२ नुसार प्रीपेड ग्राहकही आपल्या वापराचा बाबवार तपशील मागू शकतो. त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत, तो ३० दिवसांत द्यावा लागतो आणि मागील सहा महिन्यांपर्यंतचा मागता येतो. साठ रुपयांच्या वादासाठी पन्नास रुपये मोजायचे, हा विनोद ग्राहकाला परवडणारा नाही, हे खरे. म्हणून आधी कंपनीच्या ॲपमध्ये व्यवहारांचा इतिहास मिळतो का, ते पाहावे. तिथे चारही कपाती दिसल्या, तर पैसे देऊन तपशील मागवण्याची गरज उरत नाही.

तक्रारीत नेमके काय मागावे?

कऱ्हाडच्या उदाहरणात मुलाने पहिल्यांदा नेहमीसारखी तक्रार केली असती, तर शेवटच्या कपातीचे १५ रुपये ‘सदिच्छा म्हणून’ परत करून कंपनी मोकळी झाली असती. सदिच्छा या शब्दात खोच आहे. चूक मान्य न करता पैसे देण्याचा तो मार्ग आहे, आणि त्यामुळे आधीच्या तीन कपातींचा प्रश्न तिथेच संपतो.

त्याऐवजी तक्रार अशी लिहिता येईल : ‘या क्रमांकाच्या मुख्य शिल्लकीतून ४, ११, १८ आणि २५ तारखेला प्रत्येकी १५ रुपये, एकूण ६० रुपये, अमुक सेवेसाठी आकारले आहेत. या सेवेला संमती दिलेली नाही. पहिल्या आणि दुसऱ्या संमतीची तारीख व नेमकी वेळ, ती कोणत्या मार्गाने मिळाली, त्या वेळी ग्राहकाला दाखवलेला मजकूर आणि सेवा पुरवणाऱ्या भागीदाराचे नाव कळवावे. ही नोंद नसल्यास पूर्ण ६० रुपये मुख्य शिल्लकीत जमा करावेत.’

या मजकुरात ग्राहक काहीही सिद्ध करत नाही. तो फक्त विचारतो. ‘मुख्य शिल्लकीत’ हे शब्दही मुद्दाम आहेत. परतावा म्हणून वाढीव डेटा किंवा कूपन मिळाले, तर गेलेले पैसे परत आले असे होत नाही.

उत्तर आले की त्याकडे नीट पाहावे. ‘आपली सेवा वॅपमार्गे सुरू झाली आहे’ एवढेच वाक्य म्हणजे संमतीची नोंद नव्हे. वॅप म्हणजे मोबाइल इंटरनेटवरील पान. पैसे कोणत्या दाराने गेले, एवढेच त्यावरून समजते. ते दार कुणी उघडले, ते नाही. दोन्ही संमतींच्या वेळा दिल्या असतील, तर त्यांच्यातले अंतर पाहावे. समजा पहिली संमती दुपारी २ वाजून ११ मिनिटे ४ सेकंदांची आहे आणि दुसरी त्याच सेकंदाची. सेवेचे नाव, दर आणि मुदत वाचून पुन्हा बटण दाबायला माणसाला काही सेकंद तरी लागतात. एकाच सेकंदातील दोन संमती ही माणसापेक्षा यंत्राची खूण आहे. एका मिनिटात तीन-चार सेवा सुरू झाल्या असतील, किंवा सेवा सुरू झाल्यावर ती एकदाही वापरली गेलेली नसेल, तर संशय आणखी बळावतो.

याचाच अर्थ, संमतीची नोंद हासुद्धा शेवटचा शब्द नाही. बटण दाबले गेले, एवढे यंत्राला कळते. ते कुणी दाबले आणि काय समजून दाबले, हे त्याला कळत नाही. म्हणून नोंदीत अशी खूण दिसली, तर फोनमधील ॲपही तपासावीत. सेवा सुरू होण्याच्या आधीच्या दिवसांत आलेले, गरजेपेक्षा जास्त परवानग्या मागणारे ॲप काढून टाकावे. नाहीतर पैसे परत मिळतील आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाची सेवा सुरू होईल.

कंपनीने ऐकलेच नाही, तर?

तक्रारीच्या निर्णयावर समाधान नसेल किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही. ईमेलनेही ते चालते. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. प्राधिकारी कंपनीनेच नेमलेला असला, तरी त्याच्या मदतीला सल्लागार समिती असते आणि तिच्यात ट्रायकडे नोंदणीकृत ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी असतो. अपिलात तक्रार क्रमांक, स्क्रीनशॉट, कपातींचा तपशील आणि कंपनीने न दिलेल्या नोंदींची यादी जोडावी. ‘ट्रायकडे तक्रार करीन’ हा इशारा लोकप्रिय आहे, पण ट्राय वैयक्तिक तक्रारींवर निवाडा करत नाही, हे कंपनीला ठाऊक असते.

त्यापुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा. दूरसंचार कंपन्यांविरुद्धचे वाद तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीमुळे ग्राहक मंचाकडे नेता येत नाहीत, असा आक्षेप वर्षानुवर्षे घेतला जात होता. अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या मोबाइल बिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो फेटाळला. ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, हे तेव्हापासून स्पष्ट झाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावरून कंपनीशी तडजोडीचा प्रयत्नही करता येतो.

पण साठ रुपयांसाठी कोण आयोगात जाईल? या व्यवसायाचे गणित याच प्रश्नावर उभे आहे. रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवलेली असते, की तिच्यामागे लागण्याचा खर्च तिच्याहून मोठा ठरतो. समजा एका सेवेच्या हजार ग्राहकांमागे दहा जणांनी तक्रार केली आणि त्या दहाही जणांना पैसे परत मिळाले, तरी उरलेल्या नऊशे नव्वद जणांकडून दर आठवड्याला वसुली चालूच राहते. त्यांपैकी किती जणांनी खरोखर संमती दिली होती, हे कुणी तपासत नाही. तक्रार करणाऱ्याला पैसे देऊन गप्प करणे हा या व्यवस्थेत किरकोळ खर्च आहे.

म्हणून उपाय तक्रारदाराच्या चिकाटीवर सोडून चालणार नाही. पहिला बदल असा हवा, की संमतीशिवाय आकारणीची तक्रार नोंदताच संमतीची नोंद ग्राहकाला आपोआप मिळावी. तिच्यासाठी त्याला अपिलापर्यंत जावे लागू नये. ठरावीक दिवसांत नोंद दिली नाही, तर सेवा सुरू झाल्यापासूनची सर्व रक्कम आपोआप परत व्हावी. दुसरा बदल, मुख्य शिल्लकीतून बाहेरच्या सेवांची वसुली मुळात बंद असावी आणि ज्याला हवी त्याने ती स्वतः उघडावी. आंतरराष्ट्रीय रोमिंग ग्राहकाने मागितल्यावर सुरू होते, तसेच हेही व्हावे. ज्या बाईंनी शिल्लक केवळ पडताळणीच्या संदेशासाठी ठेवली आहे, तिच्यात कुणा गेमवाल्याला हात घालता येण्याचे कारण नाही. तिसरा बदल, एखाद्या भागीदाराच्या सेवेत एकाच सेकंदातील दुहेरी संमतीसारख्या खुणा आढळल्या, तर परतावा तक्रार करणाऱ्यापुरता न ठेवता त्या सेवेच्या सगळ्या ग्राहकांना मिळावा. ही तपासणी अवघड नाही. नोंदी कंपनीकडेच असतात आणि त्या शोधायला एक साधी क्वेरी पुरते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ‘वर्गणीचा सापळा’ हा प्रकार नावानिशी आहे. म्हणजे दोष काय, हे सरकारी कागदावर आले आहे. दुहेरी संमतीचा नियम तर त्याहून दहा वर्षे जुना. आता अडले आहे ते त्या संमतीची नोंद ग्राहकाच्या हातात येण्यापाशी. तोवर ग्राहकाने स्क्रीनशॉटखाली ‘पैसे परत करा’ याच्या आधी एक वाक्य लिहिण्याची सवय लावावी : माझी संमती दाखवा.